निघताना शुगर ११० आहे, गाडी काढू का?

प्रश्न: वय ५४, टाइप २. सकाळ-संध्याकाळ ३०/७० इन्सुलिन घेतो. पुढच्या आठवड्यात साधारण ५०० किलोमीटर एकट्यानेच गाडी चालवत जायचं आहे. निघताना शुगर किती असावी? ११० आली तर निघू का? वाटेत शुगर उतरायची भीती वाटते, म्हणून त्या दिवशी सकाळचं इन्सुलिन घेतलंच नाही तर चालेल का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, डोस चुकवू नका. का, ते पुढे येईलच. ११० ला निघायचं की नाही हे मात्र नुसत्या ११० वरून मला सांगता येणार नाही. सुई टोचून किती वेळ झाला आणि त्यानंतर पोटात काय गेलं, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

तरी आकड्यांची एक चौकट हवीच. खालचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधले, म्हणजे तुमच्या ग्लुकोमीटरवर दिसतात तेच. ७० च्या खाली स्टिअरिंगला हात लावायचा नाही. ७० ते ९० मध्ये आधी काहीतरी खायचं, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि आकडा ९० च्या वर जाऊन तिथे टिकतोय असं दिसलं तरच निघायचं. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांना ‘गाडी चालवायला पाच’ असं शिकवतात. तिकडच्या मिलिमोलमधले ते ५ म्हणजे आपले ९०. निघण्याआधीच्या दोन तासांत एकदा आणि नंतर चालवत असताना दर दोन तासांनी तपासणी, हाही त्याच नियमाचा भाग आहे.

पण ९० हा घरापासून बाजारापर्यंत जाणाऱ्यालाही लागू असलेला किमान आकडा आहे. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या माझ्या पेशंटना मी निघताना १२० ते १८० मध्ये असा असं सांगतो. कारण सोपं आहे. ९५ वरून ६५ वर यायला अर्धा तासही पुरतो. १४० वरून यायला बहुतेक वेळा जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात तुमचा पुढचा थांबा आलेला असतो.

आता एक प्रकरण सांगतो, कारण त्यातही इन्सुलिन ३०/७० च होतं. पन्नाशीतले गृहस्थ, ह्यूमन ३०/७०, सकाळी २४ युनिट, संध्याकाळी १४. लांबच्या प्रवासाला निघाले, शेजारी पत्नी. सकाळी सव्वासहाला उपाशीपोटी शुगर १२८. लगेच २४ युनिट घेतले. पावणेसातला नाश्ता, पण ‘पोट जड झालं की गाडीत झोप येते’ म्हणून नेहमीच्या निम्माच. सव्वासातला निघाले. सव्वानऊला नियमाप्रमाणे थांबून तपासलं: १४२. खूश झाले. बिनसाखरेचा चहा घेतला आणि पुढे निघाले. सव्वाअकराला थांबायचं होतं, पण सकाळचे दोन्ही आकडे छान होते आणि रस्ता मोकळा होता, म्हणून म्हणाले, आता जेवायलाच थांबू.

बाराच्या सुमाराला पत्नीच्या लक्षात आलं की हे फार हळू चालवतायत. वळण्याची खूण दिसूनही सरळ पुढे गेले. ‘अहो, वळायचं होतं ना?’ म्हटल्यावर एकदम खेकसले. एरवी आवाज न चढवणारा माणूस. तिने गाडी बाजूला घ्यायला लावली. कपाळ घामाने डबडबलेलं, आणि ते म्हणतायत, ‘मला काहीही झालेलं नाही.’ मीटरवर आकडा आला ५८.

चूक सव्वाअकराचा थांबा टाळण्यात होतीच, पण खरी मेख सव्वानऊच्या १४२ मध्ये आहे. ह्यूमन ३०/७० मधला ३० टक्के भाग साध्या रेग्युलर इन्सुलिनचा. त्याचा जोर टोचल्यानंतर साधारण दोन ते चार तासांत असतो. उरलेला ७० टक्के भाग एनपीएच या मंद इन्सुलिनचा, त्याचा जोर साधारण चार तासांपुढे चढतो आणि बराच वेळ टिकतो. सव्वासहाला टोचलेल्या सुईचा पहिला जोर सव्वाआठ ते सव्वादहामधला, आणि तो ओसरतोय तोवर दुसरा चढायला लागलेला. म्हणजे सव्वानऊला इन्सुलिन भरात होतं आणि नाश्ता तर निम्माच होता, तोही जवळजवळ पचून गेलेला. ते १४२ खाली येतानाचे १४२ होते. जिन्यावर मधल्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाचा फोटो पाहून तो चढतोय की उतरतोय हे सांगता येत नाही, तसंच एका आकड्याचं आहे.

तेच १४२ नाश्त्यानंतर तासाभराने आले असते, नाश्ता पूर्ण असता, तर माझं मत वेगळं असतं. म्हणून आकडा दिसला की स्वतःला दोन गोष्टी विचाराव्यात. शेवटची सुई किती वाजता घेतली आणि तिचा जोर अजून बाकी आहे का? नेहमीइतकं, नेहमीच्या वेळी खाल्लं का? पहिल्याचं उत्तर ‘जोर बाकी आहे’ आणि दुसऱ्याचं ‘कमी खाल्लं’ असं आलं, तर आकडा चांगला असूनही काहीतरी खायचं आणि पुढची तपासणी दोन तासांनी न करता तासाभरात करायची. त्या गृहस्थांनी सव्वानऊला पंधरा-वीस ग्रॅम कर्बोदकं मिळतील एवढी बिस्किटं खाऊन सव्वादहाला पुन्हा बोट टोचलं असतं, तर बहुधा ही गोष्ट मला सांगावी लागली नसती.

हाच हिशोब तुमच्या ११० ला लावा. सकाळी उपाशीपोटी ११०, आता सुई घेऊन अर्ध्या तासात पूर्ण नाश्ता करणार आणि मग निघणार असाल, तर निघा. नाश्ता चढताना तुम्ही रस्त्यावर असाल. पण सुई घेऊन तीन तास झालेत, जेवणाला अजून दीड तास आहे आणि मीटर ११० दाखवतोय, तर मी गाडी काढणार नाही. आधी खाईन, पंधरा मिनिटांनी बघेन, मग ठरवेन. तुमच्या पेनमध्ये ह्यूमनऐवजी अॅनालॉग प्रकारचं मिश्रण असेल तर त्याचा पहिला जोर लवकर येतो, तासा-दोन तासांतच, आणि ते जेवणाच्या तोंडावर घ्यायचं असतं. पेनवरचं पूर्ण नाव वाचून डॉक्टरांकडून या वेळा एकदा लिहून घ्या. ‘३०/७०’ एवढ्यावर भागत नाही.

सोबत ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर तीही शुगर उतरवते, तीही हिशोबात धरा. आणि निघण्याआधी सामान उचलून जिने चढउतार केली असेल, किंवा आदल्या दिवशी दमणूक झाली असेल, तर तेच युनिट जास्त काम करतात. आदल्या रात्री मद्य घेतलं असेल तर यकृत साखर सोडायला आखडतं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत त्रास देऊ शकतं.

आता गाडीत शुगर उतरलीच तर काय करायचं. इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण लोक ‘गोड खाल्लं, बरं वाटलं, निघालो’ एवढंच करतात.

शंका आली की गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, आकडा बघायची वाट पाहू नका. इंजिन बंद करा, किल्ली काढा आणि शक्य असेल तर चालकाची जागा सोडून दुसऱ्या सीटवर बसा. हे शेवटचं लोकांना नाटकी वाटतं. पण उतरलेल्या शुगरमध्ये मेंदू पहिल्यांदा विवेकच गमावतो, आणि किल्ली हाताशी असली की हात आपोआप तिकडे जातो. सिम्युलेटरवर मुद्दाम शुगर उतरवून केलेल्या प्रयोगांत ७० च्या थोडं खाली आल्यावरच चालवणं बिघडलेलं दिसलं, आणि बिघडलंय हे कळूनही थांबून काही खाणारे थोडेच निघाले. ‘मला कळेल’ यावर विसंबू नका. त्या गृहस्थांना ५८ लाही कळलं नव्हतं, पत्नीला कळलं. तुम्ही तर एकटे जाणार आहात.

मग १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या. ग्लुकोज पावडर किंवा गोळ्या सगळ्यात चांगल्या, नाहीतर साखर, किंवा साधारण १५० मिली गोड फळांचा रस. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. ७० च्या खालीच असेल तर परत १५ ग्रॅम.

त्या गृहस्थांचं असं झालं: बारा वीसला ५८, पंधरा ग्रॅम घेतलं. बारा पस्तीसला ७४. हा ७० च्या वर आहे, पण ३०/७० अजून काम करतंय, म्हणून त्यांनी आणखी पंधरा ग्रॅम घेतलं, ते बरोबर केलं. बारा पन्नासला १०३. घाम थांबला, बरं वाटायला लागलं. याच क्षणी त्यांना निघायचं होतं आणि याच क्षणी निघायचं नसतं. रक्तातली साखर वर आली तरी मेंदूची प्रतिक्रियेची गती, अंतराचा अंदाज, लक्ष हे लगेच जागेवर येत नाही. म्हणून शुगर ९० च्या वर आल्यापासून ४५ मिनिटं थांबायचं. त्यांच्या बाबतीत घड्याळ बारा पन्नासला सुरू झालं, बारा वीसला नाही. म्हणजे एक पस्तीस. त्या वेळात पोटभर जेवायचं, कारण नुसत्या ग्लुकोजने चढलेली शुगर तासाभरात पुन्हा घसरते. आणि निघताना पुन्हा एकदा बोट टोचायचं. एकूण सव्वा तास गेला. प्रवासाच्या वेळापत्रकात हा सव्वा तास आधीच धरून ठेवला नसेल, तर तो रस्त्यावर कुणी काढत नाही. पोचल्यावर भेटणाऱ्यांना नक्की वेळ देऊ नका, हा माझा अगदी अवैद्यकीय सल्ला.

ग्लुकोज डिकीत ठेवू नका. हसू नका, मी पाहिलंय. सीटबेल्ट लावलेल्या अवस्थेत हात पोचेल तिथे हवं. घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा १५ ग्रॅम पावडर मोजून बघा, आपण अंदाजाने ‘दोन चमचे’ घेतो ते बरेचदा कमी भरतं. मग तेवढ्या-तेवढ्या सहा पुड्या करून पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवा. थरथरत्या हाताने डबा उघडून चमचा शोधण्यापेक्षा पुडी तोंडात रिकामी करणं सोपं.

आता तुमच्या डोस चुकवण्याच्या कल्पनेकडे. भीती मी समजू शकतो. पण सकाळचं ३०/७० गाळलं तर दुपारपर्यंत शुगर ३०० च्या घरात जाणं अगदी शक्य आहे, आणि चढलेल्या शुगरमध्ये चालवणंही सुरक्षित नाही. दर थोड्या वेळाने लघवीला थांबावं लागतं, तोंड कोरडं पडतं, गुंगी येते, आणि डोळ्यातल्या भिंगात पाणी शिरून दूरच्या पाट्या धूसर दिसायला लागतात. तुमच्याऐवजी टाइप १ चा पेशंट असता तर हे मी आणखी कडक शब्दांत लिहिलं असतं: त्यांनी बेसल, म्हणजे दिवसभर पार्श्वभूमीला लागणारं, इन्सुलिन कधीही बंद करायचं नसतं, किटोन नावाची आम्लं रक्तात वाढून थेट जिवावर बेतू शकतं.

वरच्या बाजूला ‘या आकड्यापुढे गाडी बंद’ अशी सर्वमान्य रेघ नाही, म्हणून माझी पद्धत सांगतो. १८० ते २५० मध्ये, नजर स्वच्छ आणि अंगात तरतरी असेल, तर निघायला हरकत नाही. २५० च्या वर गेली की आधी कारण शोधा: डोस राहिला का, सुई नीट बसली का, ताप आहे का. ३०० च्या वर, सोबत तहान, धूसर नजर, मळमळ, किंवा तपासल्यावर किटोन आढळले, तर प्रवास पुढे ढकला. एक गोष्ट मात्र करू नका. निघायच्या आधी २४० दिसले म्हणून चार-सहा युनिट जादा टोचून गाडीत बसू नका. त्या युनिटांचा जोर तुम्ही हायवेवर असताना येणार, आणि आधीच्या सुईवर ती भर पडणार.

डोसबद्दल करण्यासारखं काम हे: प्रवासाच्या तीन-चार दिवस आधी डॉक्टरांना त्या दिवसाची खरी वेळ दाखवा. सुई किती वाजता, नाश्ता किती वाजता आणि किती, जेवण कुठे. नाश्ता नेहमीपेक्षा हलका होणार असेल तर सकाळचे युनिट किती कमी करायचे हे ते तुमच्या आधीच्या आकड्यांवरून ठरवतील. मी इथून तुम्हाला युनिट सांगणं योग्य नाही. पण मला विचाराल तर डोस बदलण्यापेक्षा नाश्ता नेहमीएवढाच करून अर्धा तास उशिरा निघणं मला जास्त आवडतं. आणि दुपारच्या जेवणाला उशीर करायचा नाही, सकाळच्या ३०/७० चा एनपीएच भाग जेवणाची वाट बघत बसत नाही. गाव यायला अजून वीस मिनिटं आहेत म्हणून ताणू नका, थांबा आणि खा.

मीटरबद्दल थोडं. एका बाईंना गाडीत १६४ आले आणि त्या निर्धास्त होत्या, पण हात थरथरत होते. बोट टोचायच्या आधी त्यांनी फळ सोललं होतं. साबणाने हात धुऊन, नीट पुसून परत तपासलं तर ८१. गाडीत पाणी नसेल तर पहिला थेंब कोरड्या स्वच्छ कापसाने पुसून दुसरा थेंब घ्या, पण शक्यतो हात धुवाच. स्ट्रिप आणि इन्सुलिन पेन उन्हात उभ्या गाडीत सोडून जेवायला जाऊ नका, दोन्ही तापून बिघडतात. आणि मीटर बरोबर असला तरी कमी आकड्यांना १०-१५ इकडेतिकडे दाखवू शकतो. ९० च्या काठावरचा आकडा म्हणूनच मला आवडत नाही, तो प्रत्यक्षात ७८ असू शकतो.

दंडावर सेन्सर लावत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, त्वचेखालच्या द्रवातली मोजतो, आणि तिथे बदल काही मिनिटं उशिरा पोचतो. शुगर वेगाने उतरत असताना रक्तातला आकडा सेन्सरपेक्षा कमी असतो. बऱ्याच सेन्सरवर तिरका खाली बाण म्हणजे मिनिटाला १ ते २ ची घसरण. मधला वेग दीड धरला तर ९५ आणि तिरका बाण म्हणजे वीस मिनिटांत ६५. हा आकडा ‘९० च्या वर’ आहे म्हणून निघणारे लोक मला भेटतात. बाण खाली असेल तर आकडा कितीही चांगला दिसो, आधी खा आणि बाण आडवा होईपर्यंत थांबा. अलार्म त्या दिवसापुरता ९० च्या आसपास लावा, आवाज चालू ठेवा, आणि तो वाजला की गाडी थांबवूनच फोनकडे बघा. अंगाची लक्षणं एक सांगतायत आणि सेन्सर दुसरं, तर बोट टोचून खात्री करा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती विचारतोच: गेल्या काही महिन्यांत मीटरवर ६० च्या आत आकडा आला आणि तुम्हाला काहीच जाणवलं नव्हतं, असं झालंय का? घाम नाही, धडधड नाही, थेट गोंधळच? किंवा शुगर उतरल्यावर दुसऱ्याला तोंडात साखर घालावी लागली? उत्तर हो असेल तर हा प्रवास एकट्याने करू नका, आणि डॉक्टरांना दाखवेपर्यंत स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्या. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर घेत असाल तर धडधड आणि थरथर दबून जाते, घाम मात्र येतो. अशा वेळी अंग विनाकारण ओलं झालं की तीच खूण समजा.

आणि परतीच्या दिवशी संध्याकाळचं इन्सुलिन आणि जेवण झाल्यावर ‘अजून तीनेकशे किलोमीटर, रात्री रस्ता रिकामा असतो’ असा विचार येईल. साडेसातला सुई, आठला जेवण, मग रात्री साडेदहा-अकराला तुम्ही पुन्हा त्याच सव्वानऊच्या जागी असता, वर झोप आणि काळोख. त्या रात्री मुक्काम करा, सकाळी नाश्ता करून निघा.